मशीन घ्यायचं की नाही? स्वॉटचा कागद कामाला लावताना

बँकेच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये स्वॉटचं एक पान ठरलेलं असतं. चार चौकोन, वर बलस्थानं, उणिवा, संधी आणि धोके अशी शीर्षकं, प्रत्येकाखाली पाच-सहा ओळी. सीएच्या ऑफिसातला मुलगा ते अर्ध्या तासात भरून देतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्या पानाने काही ठरावं अशी कोणाची अपेक्षाच नसते. फाइल जाड दिसावी आणि कर्ज मंजूर व्हावं एवढंच त्याचं काम. घोटाळा होतो तो मालक तेच पान पुढे स्वतःचे निर्णय घ्यायला वापरू लागतो तेव्हा.

हा रोग फक्त आपल्याकडचा नाही. टेरी हिल आणि रॉय वेस्टब्रुक या अभ्यासकांनी ब्रिटनमधल्या कंपन्यांनी केलेले असे कागद तपासून १९९७ मध्ये निष्कर्ष मांडले होते. याद्या लांबलचक, सरासरी चाळीसच्या वर मुद्दे. शब्द मोघम. कुठला मुद्दा मोठा, कुठला किरकोळ, हे ठरवलेलं नाही आणि एकही मुद्दा खरा आहे का हे कोणी पडताळलेलं नाही. सगळ्यात बोलकं निरीक्षण शेवटचं होतं: पुढचं धोरण ठरवताना तो कागद कोणी वापरलाच नव्हता.

म्हणून चौकोनांच्या आधी प्रश्न लिहायचा. ‘आपल्या धंद्याचं स्वॉट’ असा विषय घेतला की जगातलं सगळंच त्यात बसतं. ‘येत्या सहा महिन्यांत पाचवं सीएनसी लेथ घ्यायचं का’ असा प्रश्न कागदाच्या माथ्यावर लिहिला, की निम्म्या ओळी आपोआप गळतात. प्रश्नाला हो-नाही असं उत्तर हवं, मुदत हवी, आणि उत्तर देण्याचा अधिकार टेबलाशी बसलेल्यांपैकी कोणाकडे तरी हवा.

हाच प्रश्न घेऊन एक उदाहरण शेवटापर्यंत नेऊ. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतला एक गाळा समजा. चार सीएनसी लेथ, दोन पाळ्या, दहा माणसं. माल ग्राहकाचा, यांचं फक्त लेबर. महिन्याचं बिल साडेचार लाख, त्यातलं ३ लाख १५ हजार, म्हणजे ७० टक्के, सातपूरच्या एकाच मोठ्या ग्राहकाकडून. आकडे उदाहरणापुरते धरलेले आहेत, पण असा गाळा नाशिककरांना शोधत फिरावा लागणार नाही. काम परत पाठवावं लागतंय म्हणून मालकाच्या मनात २२ लाखांचं मशीन घोळतं आहे.

पहिल्या बैठकीत जो कागद तयार होतो, तो साधारण असा असतो. बलस्थानं: अनुभवी टीम, उत्तम गुणवत्ता, ग्राहकांशी चांगले संबंध. उणिवा: मशीन कमी, भांडवल कमी, मार्केटिंग नाही. संधी: इलेक्ट्रिक वाहनं, समृद्धी महामार्ग, कुंभमेळा. धोके: स्पर्धा, कामगारांची टंचाई, सरकारी धोरण.

या कागदावर गाळ्याचं नाव झाकून शेजारच्या गाळ्याचं नाव टाका. ओळ तरीही खरी वाटली तर ती काढून टाकायची. दुसरी चाचणी उलटी आहे. ‘अननुभवी टीम’ किंवा ‘सुमार गुणवत्ता’ असं कोणी स्वतःबद्दल लिहील का? ज्या ओळीची उलट बाजू कोणीही लिहिणार नाही, ती ओळ माहिती देत नाही, शोभा देते. या दोन चाचण्यांनंतर वरच्या बारा ओळींतली एकही जशीच्या तशी उरत नाही. मग प्रत्येक ओळीखालचा पुरावा काढायला बसावं लागतं, आणि खरं काम इथे सुरू होतं.

‘उत्तम गुणवत्ता’ घ्या. पुरावा कुठे मिळेल? डिस्पॅचची चलनं आणि ग्राहकाकडून आलेल्या डेबिट नोटा. सहा महिन्यांत १,२०,००० नग गेले, ५४० परत आले. म्हणजे ०.४५ टक्के. ऐकायला हे प्रमाण किरकोळ वाटतं, पण गाड्यांच्या सुट्या भागांचे ग्राहक दहा लाखांत किती नग खराब या हिशेबाने मोजतात आणि त्या मापाने हे ४,५०० होतात. ही फुशारकी मारण्याजोगी गोष्ट नाही. मात्र इथेच थांबून ‘गुणवत्ता’ ही ओळ उणिवांत ढकलली, तर पहिल्याइतकाच मोघमपणा होईल. आकडा फोडायला हवा. फोडल्यावर दिसतं की ५४० पैकी ४०० नग एकाच भागाचे आहेत, पातळ भिंतीच्या एका बुशचे. त्याचे १८,००० नग गेले होते, म्हणजे त्याचं रिजेक्शन २.२ टक्के. उरलेल्या १,०२,००० नगांत फक्त १४० खराब, ०.१४ टक्के.

बुश का परत येतो? नग पकडणाऱ्या तीन जॉच्या चकमध्ये पातळ भिंत दाबली जाते. त्या दाबाखाली बोअर, म्हणजे आतलं भोक, अगदी गोल कापला जातो, पण जॉ सुटले की भिंत परत मूळ आकारावर जाते आणि बोअर किंचित तिकोनी होतो. सुपरवायझर बोअर डायल गेजने तपासतो, ते समोरासमोरच्या दोन बिंदूंमधलं अंतर मोजतं. तिकोनी बोअरची गंमत अशी की कुठल्याही दिशेने दोन बिंदूंत मोजलं तर माप जवळजवळ सारखंच येतं. इकडे ‘ओके’ झालेला नग ग्राहकाच्या प्लग गेजवर अडकतो. म्हणजे उणीव ‘गुणवत्ता’ ही नव्हती. उणीव अशी: पातळ बुशला नेहमीचे जॉ आणि नेहमीचा दाब वापरतो, आणि जो दोष होतो तो आपल्या मोजमापात दिसूच शकत नाही. हे वाक्य वाचल्यावर काय करायचं ते वेगळं सांगावं लागत नाही. नगाच्या व्यासाला बोअर केलेले, घेराला जास्तीत जास्त धरणारे सॉफ्ट जॉ, कमी दाब आणि गाळ्यातच एक प्लग गेज.

पैशाची बाजूही लगेच दिसते. महिन्याला ३,००० बुश, नगामागे ९ रुपये, म्हणजे २७ हजारांचं बिल. खराब नगामागे मालाचे ६० रुपये कापले जातात असं धरलं तर सहा महिन्यांत २४ हजार, महिन्याला ४ हजार. बिलाचा जवळजवळ सातवा हिस्सा डेबिट नोटांत जातो, आणि खातेवहीत तो ‘किरकोळ वजावट’ या नावाखाली झाकला गेलेला असतो.

‘ग्राहकांशी चांगले संबंध’ या ओळीला पुरावा बँकेच्या पासबुकात आहे. गेल्या बारा महिन्यांची प्रत्येक बिलाची तारीख आणि पैसे जमा झाल्याची तारीख शेजारी-शेजारी लिहायची. मोठ्या ग्राहकाची सरासरी ९६ दिवस निघाली, ठरले होते ६०. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे जाता येत नाही, करार नसेल तर १५ दिवस. महिन्याला ३ लाख १५ हजारांच्या हिशेबाने ९६ दिवसांचे सुमारे दहा लाख रुपये कायम बाहेर अडकलेले. ओडीवर १२ टक्के व्याज धरलं तर महिन्याला दहा हजार रुपये. दर शेवटचा कधी वाढला? तीन वर्षांपूर्वी. दिवाळीला मिठाईचा बॉक्स येतो, खरेदी विभागातला माणूस ‘काय शेठ’ म्हणून हाक मारतो, हे सगळं खरं आहे. पण संबंध मोजायचे तर दर, दिवस आणि नव्या भागांच्या चौकशा या तीनच गोष्टींत मोजता येतात.

आता प्रश्नाच्या मुळाशी जाणारी ओळ: ‘मशीन कमी’. चार मशीन, महिन्याचे २६ दिवस, दोन पाळ्यांचे मिळून निव्वळ १५ तास, असे १,५६० तास हाताशी आहेत. प्रत्यक्ष उत्पादन किती तास झालं? कंट्रोलच्या पडद्यावर चालू वेळ आणि नगांची संख्या दिसते, त्यात नग लावण्या-काढण्याचा वेळ मिळवून ९०० तास येतात. म्हणजे ५८ टक्के. उरलेले ६६० तास कुठे गेले, हे कोणाला तोंडपाठ नसतं. त्यासाठी चारही मशीनवर एक साधा कागद लटकवायचा आणि मशीन थांबलं की ऑपरेटरने वेळ आणि कारण लिहायचं. कारणं चारपेक्षा जास्त ठेवू नयेत, नाहीतर ‘इतर’ हाच रकाना भरतो. चार आठवड्यांनी बेरीज: एका भागावरून दुसऱ्यावर जाताना मशीन लावण्यात, म्हणजे सेटिंगला, ३०० तास, माल किंवा तपासणीची वाट बघण्यात २००, ऑपरेटर नसल्याने १६०.

सेटिंग महिन्याला ७५ होतात, प्रत्येकी सरासरी चार तास. हे चार तासही फोडले तर पन्नास मिनिटं जॉ आणि टूल शोधण्यात, चाळीस जॉ बोअर करण्यात, सत्तर ट्रायलच्या नगांत आणि तब्बल ऐंशी मिनिटं पहिल्या नगाच्या मंजुरीची वाट बघण्यात जातात, कारण मंजुरी देणारा माणूस फक्त पहिल्या पाळीला असतो. ऑपरेटरला विचारलं असतं तर त्याने महिनाभर कागद न लटकवताही सांगितलं असतं, ‘साहेब, मशीन कुठं कमी पडतंय, जॉ शोधण्यातच पाळी जाते.’ पण त्याला बैठकीला बोलावलेलं नसतं.

म्हणून आधी ठरवावं लागतं की कागद कोणी लिहायचा. मालक, सुपरवायझर, डिस्पॅच बघणारा, हिशेब लिहिणाऱ्या ताई आणि किमान एक जुना ऑपरेटर, या पाच जणांनी बैठकीच्या आदल्या दिवशी आपापल्या चिठ्ठ्या लिहाव्यात. प्रत्येक चौकोनाला तीनच ओळी, आणि ओळीखाली ‘हे कशावरून’. बैठकीत चिठ्ठ्या नाव न घेता वाचायच्या आणि मालकाने सगळ्यात शेवटी बोलायचं. घरच्या धंद्यात हे फार अवघड जातं. गाळा ज्यांनी उभा केला ते काका समोर बसलेले असताना ‘आपण या भागाचा दर चुकीचा लावलाय’ असं पुतण्या म्हणत नाही, कारण दर काकांनीच लावलेला असतो. चिठ्ठीत मात्र तो ते लिहू शकतो. अक्षर ओळखू येत असेल तर व्हॉट्सअॅपवर ताईंकडे पाठवावं आणि त्यांनी टाइप करून आणावं.

पाच चिठ्ठ्यांत जिथे सगळ्यांचं एकमत असतं, तिथे फार वेळ घालवू नये. जिथे मालक एखादी गोष्ट बलस्थानात लिहितो आणि सुपरवायझर तीच उणिवांत, तिथे थांबायचं. बुशचा मुद्दा असाच सापडतो.

संधी आणि धोके या चौकोनांत वेगळीच गडबड होते. तिथे वर्तमानपत्र उतरवलं जातं. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला हे खरं, पण ज्याचा माल अंबडहून सातपूरला छोटा हत्तीमधून जातो, त्याला त्या रस्त्याने काय दिलं? कुंभमेळा २०२७ मध्ये आहे. पंचवटीतल्या लॉजवाल्यासाठी ती संधी आहे. लेथवाल्याच्या कागदावर कुंभ यायचाच असेल तर तो धोक्यांत येईल: ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मोठ्या स्नानांच्या दिवशी वाहतुकीवर निर्बंध असणार, त्या आठवड्यांचं डिस्पॅच आधी करावं लागेल. आपल्या मशीनच्या प्रश्नाशी मात्र याचा संबंध नाही, तेव्हा ही ओळ दुसऱ्या कागदावर.

संधी लिहिताना तीन गोष्टी ओळीत आल्याच पाहिजेत: कोण देणार आहे, त्याची अट काय आणि ती कधीपर्यंत खुली आहे. ‘मार्केटिंग वाढवणे’ हे तर संधीत बसतच नाही. ते आपण करायचं काम आहे, बाहेर घडणारी घटना नव्हे. कुठली ओळ आतली आणि कुठली बाहेरची हे ओळखायचं असेल तर विचारावं, मालकाने उद्या सकाळी हुकूम काढला तर ही गोष्ट बदलेल का? बदलणार असेल तर ती आतली.

धोक्याच्या ओळीला तारीख आणि वाट हवी, म्हणजे तो धोका आपल्या बिलापर्यंत कुठल्या वाटेने पोचेल ते. गाड्यांच्या धुराच्या निकषांचं उदाहरण नाशिकला नवं नाही. बीएस-पाच वगळून थेट बीएस-सहाकडे जायचं सरकारने जानेवारी २०१६ मध्ये जाहीर केलं आणि १ एप्रिल २०२० पासून ते देशभर लागू झालं. नव्या निकषांत छोटं डिझेल इंजिन बसवणं महाग होतं. देशातल्या सगळ्यात मोठ्या कार कंपनीने त्याच सुमारास डिझेल गाड्या बंद केल्या. चार वर्षांची आगाऊ सूचना होती. डिझेल इंजिनाचे भाग बनवणाऱ्याने त्या काळात ‘बदलतं सरकारी धोरण’ असं लिहिलं असतं तर त्याला काही करता आलं नसतं. ‘आपल्या बिलातले इतके टक्के छोट्या डिझेल इंजिनाच्या भागांचे आहेत आणि मुदत एप्रिल २०२०’ असं लिहिलं असतं तर दर सहा महिन्यांनी तो टक्का मोजता आला असता.

आपल्या गाळ्याच्या बाबतीत खरा धोका शोधल्यावर असा निघतो: मोठा ग्राहक प्रत्येक भागाला दुसरा पुरवठादार उभा करतो आहे. आपण नऊ भाग बनवतो, त्यातल्या तीन भागांचे नमुने दुसरीकडे मंजुरीला गेलेत. हे वर्तमानपत्रात येत नाही. डिस्पॅचचा माणूस ग्राहकाच्या गेटवर उभा असतो, त्याला ते आधी कळतं. त्या तीन भागांचं महिन्याचं बिल १ लाख १० हजार. निम्मं काम गेलं तर ५५ हजार, म्हणजे ५०० रुपये तासाने ११० तास.

आणि खरी संधी: सिन्नरच्या एका पंपवाल्याचं महिन्याला १२० तासांचं काम, जे सध्या परत पाठवलं जातंय. दर ५२० रुपये तास, पैसे तीस दिवसांत. अट अशी की लॉट २०० नगांचे आणि आठवड्यात डिलिव्हरी. एका लॉटला साधारण दहा तास लागतात, म्हणजे महिन्याला बारा लॉट आणि बारा जादा सेटिंग. त्याने उत्तर मागितलंय ते महिन्याभरात, त्यानंतर तो दुसरा गाळा बघणार.

आता चौकोन एकमेकांना भिडवायचे. हाइन्झ वाइहरिख यांनी १९८२ मध्ये ही पद्धत मांडली, आणि माझ्या मते स्वॉटमधला उपयोगी भाग हाच आहे. प्रत्येक चौकोनातल्या तीन-तीन ओळी ठेवल्या तर आतली प्रत्येक ओळ बाहेरच्या प्रत्येक ओळीसमोर ठेवून ३६ जोड्या होतात. घाबरायचं कारण नाही, बहुतेक जोड्यांतून काहीच निघत नाही. त्या सोडून द्यायच्या. चार-पाच जिवंत निघतात, आणि शोध उणीव व धोका यांच्या जोड्यांपासून सुरू करावा, कारण बलस्थान-संधीच्या गोड जोड्या आधी घेतल्या की बैठकीचा वेळ तिथेच संपतो.

पहिली जोडी. ७० टक्के बिल एका ग्राहकाकडून, आणि तोच ग्राहक काम वाटून घेतोय. या जोडीसमोर मशीनचा हिशेब ठेवा. २२ लाखांपैकी ८० टक्के कर्ज, ११ टक्के व्याज, पाच वर्षं: हप्ता सुमारे ३८ हजार. दोन पाळ्यांचे दोन ऑपरेटर, ३६ हजार. एकूण ७४ हजार. तासाच्या ५०० रुपयांतून वीज-टूलचे शंभर वजा केले तर ४०० उरतात, म्हणजे मशीनने महिन्याला १८५ तास नुसता खर्च भरून काढायला चालायचं. परत जाणारं काम आहे १२० तासांचं, आणि मोठ्या ग्राहकाकडचे ११० तास जाण्याची शक्यता आहे. पाचव्या मशीनला काम पुरतच नाही.

दुसरी जोडी जास्त रंजक आहे. पंपवाल्याची संधी, आणि चार तासांचं सेटिंग ही उणीव. दहा तासांच्या लॉटला चार तास सेटिंग म्हणजे फायदा तिथेच जातो. नवं मशीन आणलं तरी त्याच्यावरही सेटिंगला चारच तास लागणार, कारण ते तास मशीनमध्ये नाहीत, जॉच्या ढिगाऱ्यात आणि मंजुरीच्या वाट बघण्यात आहेत. प्रत्येक भागाचे जॉ नंबर घालून टूलच्या यादीसह एका ट्रेमध्ये ठेवले तर शोधण्याचे पन्नास मिनिटांचे पंधरा होतात. दुसऱ्या पाळीच्या एका माणसाला पहिला नग मंजूर करायला शिकवून अधिकार दिला तर ऐंशीचे पंचवीस. नव्वद मिनिटं वाचली, सेटिंग अडीच तासांवर आलं. ७५ सेटिंगांत महिन्याला ११२ तास सुटतात आणि कर्ज शून्य.

११२ तासांत पंपवाल्याचं सगळं काम बसत नाही. १२० तास उत्पादन आणि बारा सेटिंगचे तीस, असे १५० लागतील. अर्धं काम घेतलं तर ६० अधिक १५, म्हणजे ७५ तास. ते बसतं, आणि थोडी जागा उरते. सगळं काम हातात येऊन मोठ्या ग्राहकाचंही सगळं टिकलं, तर त्याचा हिस्सा ७० वरून ६१ टक्क्यांवर येतो. म्हणजे या एका नव्या ग्राहकाने परावलंबन संपत नाही, कमी होतं, हेही कागदावर लिहून ठेवावं.

पैशांच्या उशिराची जोडी थोडी कडू आहे. कायदा आपल्या बाजूने आहे, तक्रारीसाठी सरकारचं पोर्टल आहे. पण ज्याच्याकडून ७० टक्के बिल येतं, त्याच्यावर कोणी तक्रार करत नाही, आणि ‘कायदेशीर कारवाई करू’ असं कागदावर लिहिणं म्हणजे पुन्हा पान भरणं झालं. करण्याजोग्या दोन गोष्टी आहेत. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्स या बिल-वटवणुकीच्या व्यवस्थेवर नोंदणी सक्तीची आहे. ग्राहक त्यात येत असेल तर आपली बिलं तिथे स्वीकारा अशी लेखी विनंती करायची. स्वीकारणं त्याच्या हातात राहतं, पण विनंतीला खर्च नाही. दुसरं, २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून सूक्ष्म-लघु उत्पादकांची मुदत उलटलेली देणी ३१ मार्चला बाकी राहिली तर ग्राहकाला ती त्या वर्षाच्या खर्चात धरता येत नाहीत. त्यामुळे उद्यम नोंदणीचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापलेला हवा आणि थकलेल्या बिलांची यादी ग्राहकाच्या हिशेब खात्याकडे फेब्रुवारीतच जायला हवी. खरेदी खात्याकडे पाठवून उपयोग नाही, करांची चिंता त्यांना नसते.

आता निर्णयाचं वाक्य. त्यात चार गोष्टी असाव्यात: कशामुळे, काय करणार, काय करणार नाही, आणि कोणत्या आकड्याला मत बदलू. आपल्या गाळ्याचं असं होईल: ‘हाताशी असलेल्या तासांपैकी ५८ टक्केच वापरले जातात आणि मोठ्या ग्राहकाचं ११० तासांचं काम जाऊ शकतं, म्हणून सहा महिने मशीन घेणार नाही. सेटिंग अडीच तासांवर आणू, जबाबदारी सुपरवायझरची, मुदत दोन महिने. पंपवाल्याचं अर्धं काम पुढच्या महिन्यापासून घेऊ. सलग तीन महिने उत्पादनाचे तास हजारच्या वर राहिले आणि तरीही शंभर तासांच्या वर काम परत पाठवावं लागलं, तर मशीनचा प्रश्न पुन्हा उघडू.’ बुशसाठी वेगळं वाक्य: ‘तीस दिवसांत नवे जॉ आणि प्लग गेज. त्यानंतरच्या दोन लॉटमध्ये रिजेक्शन ०.३ टक्क्याच्या खाली आलं नाही, तर दर वाढवून मागू किंवा भाग सोडू.’

‘काय करणार नाही’ हा भाग लिहायला लोक सर्वात जास्त टाळतात. तो नसेल तर निर्णय झालाच नाही असं समजावं. सेटिंग सुधारू आणि मशीनही बघू आणि पंपवाल्याचं सगळं कामही घेऊ, असं लिहिणारा विसरतो की सुपरवायझर एकच आहे. दर वेळी बाजारातून आलेल्या फोनवर धावायचं, की ट्रे आणि जॉ लावत बसायचं, हे त्यालाच ठरवावं लागतं, आणि तो फोनच निवडतो.

या कागदाला काय जमत नाही, तेही सांगायला हवं. दोन पर्याय तुल्यबळ असतील तर तो निवड करून देत नाही, त्यासाठी रोखीचा हिशेब मांडावा लागतो. दर काय लावावा हे तो सांगत नाही. आणि त्यातले आकडे लवकर शिळे होतात. तीन महिन्यांनी कागद पुन्हा काढून प्रत्येक ओळीसमोर खरी ठरली, खोटी ठरली, की अजून कळलं नाही असं लिहायचं. खोट्या ठरलेल्या ओळी खोडायच्या पण फाडायच्या नाहीत, कारण कोणाच्या चिठ्ठ्या वारंवार खऱ्या निघतात हे दोन-तीन फेऱ्यांत दिसतं आणि पुढच्या वेळी कोणाला आधी विचारायचं ते कळतं.

एक प्रसंग असा येतो की मशीनच्या डीलरला पाच लाखांचा अॅडव्हान्स आधीच गेलेला असतो आणि मग मालक म्हणतो, जरा स्वॉट करून बघू. अशा वेळी ‘घ्यायचं की नाही’ हा प्रश्न लिहून लोकांना बसवणं अन्यायाचं आहे, कारण उत्तर ठरलेलं आहे हे सगळ्यांना माहीत असतं आणि चिठ्ठ्याही त्याच सुरात येतात. त्यापेक्षा माथ्यावरचा प्रश्न बदलावा: मशीन येणारच आहे, तर पहिले सहा महिने त्याच्यावर कोणाचं काम लावायचं आणि १८५ तास कुठून आणायचे? त्या प्रश्नाला पंपवाला, जॉचे ट्रे आणि दुसऱ्या पाळीची मंजुरी हे सगळे मुद्दे पुन्हा येतात. डीलरकडे फोन करून डिलिव्हरी दोन महिने पुढे ढकलता येईल का, हा आणखी एक मुद्दा तेवढा वाढतो.